ठराव झाला नाही, तरी पान कोरं सोडू नका

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर हा मजकूर फिरत होता:

"ज्या सभेत ठरावच झाला नाही तिचं इतिवृत्त लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. 'चर्चा झाली, विषय पुढील सभेत ठेवावा' एवढी एक ओळ पुरे. विषय पुढच्या सभेत आपोआप येतोच. जास्त लिहिलं की कोण काय बोललं त्यावरून गावात भांडणं लागतात. सचिवांनो, डोकं वापरा, वेळ वाचवा."

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका ग्रामसभेचं इतिवृत्त लिहितो. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, म्हणजे तेंदू, बांबू, मोह यांचे पैशाचे विषय सभेतच येतात. वेळ वाचवायला कोणाला नको असतं? पण शाईचा हिशोब करण्याआधी एक साधी गोष्ट बघा. आमच्याकडे माणूस आला की आधी हजेरीच्या पानावर सही किंवा अंगठा, मग सभा. ठराव नंतर लिहिला जातो. सभा काही न ठरवता उठली, तरी सह्यांचं पान तर भरलेलंच असतं. त्याच्यापुढे एक ओळ आणि खाली मोकळं पान.

दोन हंगामांपूर्वी आमच्याकडे हेच झालं होतं. तेंदूपानाचा व्यापारी निवडण्याचा विषय निघाला, एकमत झालं नाही, आणि तेव्हाच्या सचिवाने "सविस्तर चर्चा झाली" एवढं लिहून वही मिटली. तीन आठवड्यांनी एक व्यापारी ठरावाची नक्कल घेऊन आला. तीत त्याचंच नाव "सर्वानुमते मंजूर" होतं. सह्या आमच्याच होत्या आणि तारीखही त्याच सभेची होती. त्या एका ओळीखालच्या मोकळ्या जागेत कोणीतरी पाच ओळी बसवल्या होत्या. कोणी बसवल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मी तं नाई म्हनलो होतो जी," असं सांगणारे वीसेक जण निघाले, पण कागदावर त्यांचं "नाही" कुठेच नव्हतं. जे झालंच नाही ते झालं नव्हतं हे दाखवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं. तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. शेवटच्या शब्दाखाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारतो, आणि सभा उठण्याआधी लिहिलेलं मोठ्याने वाचून तिथेच अध्यक्षांची सही घेतो. वहीची पानं अर्थातच आधीपासून क्रमांक घातलेली.

आता त्या "पुरेशा" ओळीकडे वळू. ती ओळ तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरते. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभाच पुढे गेली, तर ती तहकूब. सभा झाली पण एखाद्या विषयावर निर्णय झाला नाही, तर तो विषय स्थगित. विषय घेतला आणि लोकांनी नाही म्हटलं, तर नामंजूर. नामंजूर झालेला विषय पुन्हा आणायचा तर नव्याने मांडावा लागतो. स्थगित विषय जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. सहा महिन्यांनी नुसतं "चर्चा झाली" वाचणाऱ्याला यातलं काय झालं ते कसं कळणार? ज्याला जे सोयीचं, तो तेच काढतो.

यंदाचीच सभा घ्या. २४ फेब्रुवारी, दुपारी तीनची वेळ. गावात २१२ प्रौढ. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला लागतात. तेंदूपानांच्या विषयालाही आम्ही हीच मोजणी धरतो. म्हणजे १०६ माणसं हवीत. सुरुवातीला ११७ जण होते, त्यांत ४४ बाया. पहिले तीन विषय नीट झाले. त्यांतला दुसरा बेलकटाईच्या, म्हणजे तेंदूची झुडपं छाटण्याच्या खर्चाचा होता, तो मंजूर झाला. चौथा विषय निघेपर्यंत दिवस उतरला, पाणी आणायची, स्वैपाकाची वेळ झाली, आणि २१ बाया उठून गेल्या. मी पुन्हा मोजलं तर ९६ जण, त्यांत २३ बाया. निम्मेही नाहीत आणि ९६ ला लागणाऱ्या ३२ बायाही नाहीत. मी असं लिहिलं:

"विषय ४. तेंदूपाने विक्रीसाठी व्यापारी निवडणे. विषय घेताना सायं. ५.४० वा. हजर ९६, पैकी महिला २३. आवश्यक हजेरी १०६ व महिला एकतृतीयांश, दोन्ही अपुरे. त्यामुळे मत घेतले नाही. विषय नामंजूर झालेला नसून स्थगित आहे. दोन व्यापाऱ्यांचे लेखी दर वाचून दाखवले. पहिल्याचा दर जास्त, आगाऊ रकमेचा उल्लेख नाही. दुसऱ्याचा दर प्रमाण गोणीमागे ४०० रुपये कमी, करारावेळी २५ टक्के आगाऊ. पहिल्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रकमेबाबत लेखी खुलासा सचिव २ मार्चपर्यंत मागवतील. न आल्यास आलेल्या कागदांवरच विचार होईल. करार करण्याचा किंवा रक्कम घेण्याचा अधिकार या सभेने कोणालाही दिलेला नाही. बेलकटाई विषय २ च्या ठरावाप्रमाणे सुरू होईल. हा विषय ३ मार्च रोजी दुपारी १२ वा. च्या सभेत पहिला घेतला जाईल."

लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. यातलं एक वाक्य मुद्दाम तसं लिहिलंय. "कोणीही व्यापाऱ्याशी बोलू नये" असं लिहायचा मोह झाला होता. पण ते लिहिलं असतं तर तो निर्णय झाला असता, आणि गणपूर्ती नसताना निर्णय घेता येत नाही. "अधिकार दिलेला नाही" ही मात्र जे घडलं त्याची नोंद आहे, तिला गणपूर्ती लागत नाही. विषय स्थगित करताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. न ठरलेल्या विषयाच्या पोटात एखादा छोटा ठराव हळूच शिरतो आणि मग त्यावरून हरकत येते.

"आपोआप येतो" म्हणणाऱ्यांनी सांगावं, कोणत्या सभेत आणि कोणत्या वेळी? अजेंडा कोणीतरी लिहितो, दवंडी कोणीतरी देतो. त्याच्या हातात जुना विषय गेला नाही तर तो येत नाही. आणि आला तरी का अडला होता ते माहीत नसेल तर पुन्हा तसाच अडतो. आमचा विषय अडला तो बाया संध्याकाळी उठल्या म्हणून. तीच तीनची वेळ ठेवून, तोच विषय चौथा ठेवून पुढची सभा बोलावली असती, तर ३ मार्चलाही तेच झालं असतं. कारण लिहिलेलं होतं म्हणून वेळ बदलली आणि विषय वर घेतला. मोह पडायला लागला की बाया पहाटे टोपली घेऊन जंगलात असतात, त्यामुळे सकाळही नको. मग दुपारी बारा. दुसरं कारण कागद कमी असण्याचं होतं, त्याला माणूस आणि तारीख जोडली. अडण्याचं कारण माहिती नसणं हे असेल तर माहिती आणणारा लागतो. कारण मतभेद असेल तर कोणता प्रश्न दोन बाजूंना वेगळं करतो तो एका ओळीत लिहावा लागतो. "वेळेअभावी" हे कारण मी शक्यतो स्वीकारत नाही. बहुतेक वेळा त्याच्यामागे दुसरंच काही असतं.

तारीखही हवेतून काढलेली नव्हती. तेंदूची झुडपं छाटल्यावर नवी पानं तोडणीजोगी व्हायला साधारण दीड महिना लागतो. छाटणी मार्चच्या मध्यापर्यंत झाली तर एप्रिलअखेर, मे महिन्यात पानं गोळा करण्याची फळी लागते. त्याआधी व्यापारी ठरला नाही तर पुडे बांधून झाल्यावर भाव त्याच्या हातात जातो. म्हणून "पुढील सभेत" हे चालत नाही. उशीर कोणत्या दिवसापासून महाग पडतो ते बघून त्याच्या अलीकडची तारीख लिहायची.

भांडणांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मागे एका वहीत मी सात पानं पाहिली आहेत, अमुक भाऊ म्हणाले, तमुक काकांनी उत्तर दिलं, मग दोघं बाचाबाचीवर आले. अशी नोंद खरंच आग लावते, आणि तिच्यात का थांबलो ते कुठेच सापडत नाही. पण त्याला उपाय एक ओळ हा नाही. नाव गाळा, हरकत ठेवा. वर बघा, आगाऊ रकमेचा प्रश्न कोणी काढला ते मी लिहिलेलं नाही, प्रश्न लिहिलाय. एखाद्याला आपला विरोध नावानिशी हवा असेल तर तो स्वतः सांगतो, मग त्याचं वाक्य लिहून खाली त्याचीच सही. मोठे शब्दही टाळावेत. "गोंधळ झाला" लिहिण्यापेक्षा "५.५५ ला अध्यक्षांनी सभा संपवली" हे पुरतं.

आणखी एक कबुली. सुरुवातीपासूनच गणपूर्ती झाली नाही आणि सभा सुरूच झाली नाही, तर खरंच चार ओळी पुरतात: ठरलेली वेळ, कितीजण होते, किती वेळ वाट पाहिली, तहकूब सभा कधी. तिथे चर्चेचा सारांश लिहिणं चूकच, कारण चर्चेला सभेचा दर्जाच नव्हता. पारावर झालेल्या गप्पांचं इतिवृत्त होत नाही.

आमच्याच तालुक्यातलं मेंढा-लेखा सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते. सर्वसहमतीच्या गावात एकाने थांबा म्हटलं तरी विषय थांबतो, म्हणजे न ठरलेले विषय तिथे अपवाद नसतात. असे विषय विसरू नयेत म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर प्रलंबित विषयांची यादी ठेवतो: विषय, पहिल्यांदा कधी आला, का अडला, कोणाकडे काय काम, कधीपर्यंत. एखादा विषय तिसऱ्यांदा स्थगित होऊ लागला की मी ती ओळ सभेत मोठ्याने वाचतो. तेव्हा कळतं की लोक खरंच विचार करताहेत की "नाही" म्हणायला कचरताहेत. दुसरं असेल तर सरळ मत घेऊन नामंजूर करून टाकलेलं बरं.

३ मार्चला १२१ जण आले, त्यांत ५२ बाया. आधी मागील इतिवृत्त वाचून कायम केलं. एकाने विचारलंच, "म्हंजे व्यापारी पक्का झाला का जी?" नाही, कायम करणं म्हणजे मागच्या वेळी जे घडलं ते बरोबर लिहिलंय एवढंच. पहिल्या व्यापाऱ्याचा खुलासा आला नव्हता. आलेल्या कागदांवर विचार झाला, आणि गोणीमागे ४०० रुपये सोडून २५ टक्के आगाऊ घेणाऱ्या बाजूने सभा गेली. तासाभराने पहिल्या व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर आला, आपल्याला कोणी विचारलंच नाही म्हणाला. मी त्याला २४ फेब्रुवारीचं पान आणि त्याच्या मालकाला दिलेल्या पत्राची पोच दाखवली. त्याने पान दोनदा वाचलं, खालची तिरपी रेघ बघितली, आणि चहा न घेता निघून गेला.