दोन ‘च’, १४० शब्द: एका प्रतिक्रियेला उत्तर

मूळ लेखात मी एका आजींकडून घेतलेल्या १४० शब्दांवरून म्हटलं होतं की त्यांच्या मराठीत दंत्य च आणि तालव्य च हे दोन वेगळे स्वनिम आहेत, म्हणजे नुसत्या त्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो. याचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे लघुतम जोडी: फक्त त्या एकाच ध्वनीत वेगळे असलेले, वेगळ्या अर्थाचे दोन शब्द.

वाचकाची प्रतिक्रिया: “तुमच्या १४० शब्दांत एकही खरी लघुतम जोडी नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत शेवटचा ‘आ’ जास्त आहे, ‘उंच’ आणि ‘उंची’तही तीच गत. जागा बदलली की उच्चार बदलतो, एवढंच असेल. इतक्या तुटपुंज्या यादीवरून दोन वेगळे स्वनिम कसे काय ठरवता?”

नमस्कार. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. ‘उंच–उंची’ मी पुराव्यात घ्यायलाच नको होती. ‘ई’ म्हणताना जीभ टाळूकडे वर जाते, त्या ओढीने आधीचा दंत्य च़ तालव्य होतो. (दंत्य उच्चाराला इथे नुक्ता दिला आहे: च़ाक, पण चंद्र.) इ, ई आणि य यांच्या आधी दंत्य च़ मुळात येतच नाही, त्यामुळे तिथली कुठलीही जोडी काही सिद्ध करत नाही. ती मी काढून टाकली.

‘चार’ (आकडा) आणि ‘च़ारा’ यांचं मात्र तसं नाही. करवीर तालुक्यातल्या ज्या आजींकडून यादी घेतली, त्या रोजच्या बोलण्यात ‘वैरण’ म्हणतात, पण ‘च़ारा’ही त्यांचाच शब्द आहे. दोन्ही शब्दांत हा वर्ण सुरुवातीला आहे, पुढे ‘आ’ आणि त्यापुढे ‘र’. फरक उरतो तो फक्त शेवटच्या ‘आ’चा. जोडी तंतोतंत नसली की प्रश्न एकच असतो: उरलेला फरक उच्चार बदलायला कारण ठरू शकतो का?

समजा ठरतो. मग नियम असा होईल: शब्दाच्या शेवटी ‘आ’ असेल तर सुरुवातीचा च दंत्य, नसेल तर तालव्य. हा नियम त्याच यादीवर लावून बघा. ‘चौदा’ आणि ‘चष्मा’ आकारान्त आहेत, तरी तालव्य. उलट ‘च़ाक’ आणि ‘च़ाळ’ यांच्या शेवटी ‘आ’ नाही, तरी दंत्य. नियम दोन्ही बाजूंनी मोडला. (‘चहा’ मी मुद्दाम घेतला नाही. आजी ‘च्या’ म्हणतात आणि तिथे ‘य’ आडवा येतो.) ‘तालव्य च फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत असतो’ हेही चालत नाही, कारण ‘चार’ घरचाच शब्द आहे. म्हणून एकटी ‘चार–च़ारा’ जोडी पुरेशी नसली तरी या चार शब्दांच्या साथीने ती पुरते. जवळपासच्या जोडीचं काम असंच चालतं. कारण म्हणून जे जे सुचेल, त्याला खोडणारा शब्द यादीतच शोधायचा.

तरीही तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी पुन्हा गावी गेलो. खरी लघुतम जोडी यादीत का सापडली नाही, ते तिथे लक्षात आलं. मी बहुतेक नामंच विचारली होती आणि क्रियापदं ‘-णे’ लावून घेतली होती. यादीत ‘च़ारणे’ होतंच. आज्ञार्थ विचारला: “म्हशीला वैरण च़ार.” ही घ्या जोडी: ‘चार’ म्हणजे तीन आणि एक, ‘च़ार’ म्हणजे खाऊ घाल. त्याच वाटेने ‘जग’ (दुनिया) आणि ‘ज़ग’ (जिवंत राहा) मिळाली. ‘जात’ आणि ‘ज़ात’ (ज़ात आहे) हीसुद्धा. तेव्हा छोट्या यादीत जोडी नसेल तर शब्दसंख्या वाढवण्याआधी आहे त्याच शब्दांची रूपं बदलून बघावीत.

माझ्या कानावर विसंबून राहायला नको म्हणून एक पडताळणी केली. दोन्ही ‘चार’ आजींनी “मी ___ म्हणाले” या एकाच वाक्यात, उलटसुलट क्रमाने वीस वेळा म्हटले. ओळीने नुसते शब्द म्हटले की सूर चढतो-उतरतो आणि कान फसतो, म्हणून हे वाक्य. सूनबाई आतल्या खोलीत बसून प्रत्येक वेळी ‘आकडा’ की ‘वैरण’ ते सांगत होत्या. एकदाही चूक झाली नाही. दोन्ही उच्चार एकाच स्वनिमाचे असते तर निम्म्याच्या आसपास चुका झाल्या असत्या.

यादी तुटपुंजी असल्याचा तुमचा मुद्दा मात्र एका ठिकाणी खरोखर लागू पडतो, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. दोन ध्वनी वेगळे आहेत हे दाखवायला मोजके शब्द पुरतात. ते एकच आहेत हे दाखवायला १४० पुरत नाहीत. माझ्या यादीत ‘झ़ाड’, ‘झ़ोप’, ‘झ़रा’ यांत दंत्य झ़ आहे आणि तालव्य झ फक्त ‘झिम्मा’ व ‘झीज’मध्ये, म्हणजे ‘इ-ई’च्या आधी. कागदावर दोघांनी जागा नीट वाटून घेतल्यासारख्या दिसतात. पण ‘आ’ किंवा ‘ओ’च्या आधी तालव्य झ असणारा शब्द मी विचारलाच नसेल, तर ही वाटणी भाषेची नसून माझ्या यादीची आहे. मूळ लेखात मी ‘झ’ला एकच स्वनिम म्हटलं होतं. ते वाक्य आज काढलं आणि तक्त्यात त्या जागी ‘अनिर्णित’ लिहिलं.