लग्नाच्या प्रश्नामागचा हिशेब

"मावशी, मुलाखतीत विचारलं, लग्न ठरलंय का, आणि नंतर नोकरी करणार का. राग न दाखवता काय सांगायचं?"

बडोद्याहून भाचीने पाठवलेल्या या प्रश्नावर घरात आधीच चर्चा झाली होती. विषय अर्धवट कानावर पडलेल्या तिच्या आजीने, "म्हणजे पोरगी लग्नाला नाही म्हणतेय का?" अशी काळजी सुरू केली. मकरपुरा जीआयडीसीत छोटा कारखाना चालवणारे भावोजी मात्र ठाम होते: "विचारायला कायद्यात बंदी कुठे आहे?"

भावोजींचे अर्धे बरोबर आहे. खासगी कंपनीने मुलाखतीत लग्नाबद्दल नुसते विचारले, तर तेवढ्याने थेट गुन्हा होतो असे भारतात नाही. पण भरतीत स्त्री म्हणून डावलण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली, हे ते विसरतात. अडचण सिद्ध करण्यात आहे, कारण नकाराच्या पत्रात खरे कारण कोणी लिहीत नाही.

मी जर्मनीत राहते, म्हणून भाचीला इथल्या नियमाचे कौतुक वाटते. इथे गर्भारपणाचा प्रश्नच अवैध मानला जातो आणि उमेदवाराने त्याला खोटे उत्तर दिले तरी तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. २००३ मध्ये येथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने हे लाँड्रीत काम करणाऱ्या एका स्त्रीच्या बाबतीतही मान्य केले, जिला ते काम गर्भारपणात करताच येणार नव्हते. पण माझ्या मते इथल्या मालकाची जीभ केवळ न्यायालयामुळे आवरलेली नाही. प्रसूतीच्या सुट्टीत मालकाला द्यावी लागणारी रक्कम आरोग्य विमा संस्था त्याला परत करते आणि त्यासाठी सगळे मालक, ज्यांच्याकडे एकही स्त्री नाही तेसुद्धा, ठरावीक वर्गणी भरतात. तरीही आडून चाचपणी होतेच; "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" हा प्रश्न पुष्कळदा त्यासाठीच असतो.

बडोद्यातला हिशेब वेगळा आहे. भाची गुणवत्ता तपासणी विभागात केमिस्ट आहे आणि नव्या जागेचा पगार अडतीस हजार ठरायचा आहे. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी सुट्टी मिळते. पगार एकवीस हजारांपर्यंत असता, तर ती रक्कम कर्मचारी राज्य विमा योजनेतून आली असती. त्यावरच्या पगाराला ती मर्यादा ओलांडली जाते आणि सुमारे दोन लाख तीस हजार रुपये कंपनीच्या खिशातून जातात. समोरचा साहेब चौकस असेल किंवा उर्मट असेल, पण बहुतेक वेळा तो मनात हीच बेरीज करत असतो. म्हणून उत्तर लग्नाला न देता त्या भीतीला द्यावे, असे मी तिला लिहिले.

पहिल्यांदा विचारले की: "सर, मी किती टिकेन याची शंका असेल, तर आधीच्या कंपनीत मी तीन वर्षे होते आणि दोन ऑडिट पूर्ण केली. इथे ऑडिटच्या काळात कामाच्या वेळा कशा असतात?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो नसेल तर समोरचा गप्प राहून पुन्हा तिथेच येतो. दुसऱ्यांदा विचारले तर: "घरच्या गोष्टी मी घरीच ठेवते, सर; रुजू होण्याची तारीख आणि नोटिशीचा काळ मात्र आत्ता सांगू शकते." हे हसून पण वाक्य पूर्ण करून सांगावे. 'सॉरी'ने सुरुवात करू नये. त्याने चूक आपली असल्यासारखे वाटते.

आडनाव ऐकून धर्म, जात किंवा खाणेपिणे चाचपणाऱ्यालाही "कामाशी याचा संबंध कुठे येतो, ते सांगाल का?" एवढे पुरते. वयाचे तितके मनावर घेऊ नये, कारण जन्मतारीख अर्जात असतेच.

खोटे मात्र सांगू नये. जर्मनीतली मुभा तिकडे गृहीत धरता येत नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचारी स्त्रीला कामावर परत घ्यायला लावले आणि मासिक पाळी, गर्भारपण विचारणारे रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले, हे खरे. पण तो सरकारी महामंडळाचा खटला होता, आणि ती स्त्री आधी नोकरीवरून काढलीच गेली होती. छापील फॉर्ममध्ये असा रकाना असेल तर तो रिकामा ठेवावा आणि फॉर्मचा फोटो मिळाल्यास ठेवावा.

तिसऱ्यांदा विचारले तर काय, यावर भावोजींचे आणि माझे जमले नाही. ते म्हणतात, सरळ सांगून टाकावे, नोकरी महत्त्वाची. मी म्हणते, तीनदा विचारणारी कंपनी सुट्टीच्या अर्जावरही तसेच वागेल. भाचीने अजून कुणाचेच मानलेले नाही. दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे आणि तिला हप्ते भरायचे आहेत.