२१ हजारांसाठी तिसरी मेल

परवा बर्डीवर एका दुकानात संत्रा बर्फीचा डबा दिसला. मी डिझाइन केलेला डबा. रंग माझे, संत्र्याची फोड मी काढलेली, घडीच्या रेषा मिलिमीटरने मोजून मीच दिलेल्या. डबे विकले जाऊन राहिले आणि माझे २१,००० रुपये अजून आले नाहीत. तिथंच डोकं फिरलं.

मिठाईवाल्या भाऊंचं ४२,००० चं काम, निम्मे आधी मिळाले होते. ३ जूनला छपाईची पीडीएफ आणि बिल पाठवलं, मुदत १८ जूनची. २० जूनला आठवण, ६ जुलैला पुन्हा. एका अक्षराचं उत्तर नाही. रात्री अकरा वाजता "लोगो जरा मोठा करा नं" म्हणून फोन करता येतो, मग मेल वाचायला काय होतं? एकदाच फोन उचलला. "ताई, काहून टेन्शन घेता, पैसे कुठं पळून चालले?" आणि वरून, "तसा तो रंग आम्हाला पटलाच नव्हता."

पटला नव्हता तर छापला काहून?

मीही चुकले. आधीच्या दोन्ही मेलमध्ये "सवडीने पाहावे" असं लिहिलं होतं. काल रात्री तिसरी लिहिली, त्यात सवड नाही. विषयातच "अंतिम स्मरणपत्र", बिल क्रमांक आणि रक्कम. बिल पुन्हा जोडलं, म्हणजे "सापडलं नाही" म्हणायला नको. मग हे लिहिलं:

"भाऊ, फायली ३ जूनला मिळाल्या. पंधरा दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, म्हणून २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार काम स्वीकारलं असंच धरलं जातं. लघुउद्योग म्हणून माझी उद्यम नोंदणी हे काम घेण्याच्या आधीची आहे. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २८ जुलैच्या संध्याकाळी सहापर्यंत २१,००० जमा झाले तर मी व्याज मागणार नाही. नाही झाले तर २९ ला सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर व्याजासह तक्रार टाकीन."

धमकी वाटत असेल तर वाटू द्या. तक्रार टाकली की पैसे लगेच येतात असं नाही, हे मला माहीत आहे. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद, त्यात महिने जातात. तरी टाकणार. उद्यमचं प्रमाणपत्र, कोटेशनला त्यांनी दिलेला होकार, बिल, तिन्ही मेल आणि बर्डीच्या दुकानात काढलेला डब्याचा फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं आहे.

आज सकाळी व्हॉट्सॲपवर त्यांचा मेसेज आला. मेलबद्दल चकार शब्द नाही. "ताई, राखीसाठी अर्ध्या किलोच्या डब्याचं पण बघा नं, अर्जंट आहे."

एवढंच लिहून पाठवलं: आधीचे २१,००० जमा होईपर्यंत एकही फाईल मिळणार नाही.