सर्किट लागलं म्हणजे बाजार बंद झाला असं नाही

‘सोनं कोसळलं की एमसीएक्स सर्किट लावून ट्रेडिंग बंद करतं. मोठे लोक आधीच निघून गेलेले असतात, अडकतो तो छोटा माणूस. तरी घाबरू नका. स्टॉपलॉस लावलेला असेल तर ठरलेल्या टक्क्यांपुढे एक रुपयाही तोटा होत नाही.’

मी कमोडिटीच्या डेस्कवर बसतो. हा मजकूर मला आमच्याच तीन ग्राहकांनी पाठवला, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

आधी ‘बंद’ या शब्दाबद्दल. शेअर बाजारात निर्देशांक 10 टक्के हलला की सगळे व्यवहार थांबतात, आणि तेच चित्र डोक्यात ठेवून लोक सोन्याकडे बघतात. एमसीएक्स या वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सोन्याचे सौदे होतात तिथे, मर्यादा असते ती भावाला, आणि तिलाच लोक सर्किट म्हणतात. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून वर किंवा खाली 3 टक्के ही पहिली पायरी. ती ओलांडायची वेळ आली की मर्यादा 6 टक्के होते, आणि त्यासाठी एक मिनिटही थांबावं लागत नाही. 6 टक्केही अपुरे पडले तर 15 मिनिटांचा थंडावा असतो, मग 9 टक्के. त्या 15 मिनिटांतसुद्धा 6 टक्क्यांच्या आत सौदे चालूच असतात. 9 च्या पुढे मर्यादा 3-3 टक्क्यांनी वाढवता येते, पण कधी? आंतरराष्ट्रीय भावच तेवढा हलला असेल तेव्हा.

23 जुलै 2024 आठवा. अर्थसंकल्पाच्या भाषणात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणल्याचं जाहीर झालं. आदला बंद भाव 10 ग्रॅमला साधारण 72,700 होता. म्हणजे पहिली मर्यादा 70,500 च्या आसपास आणि दुसरी 68,300 च्या आसपास. पहिली तुटली, दुसरी लगेच उघडली, आणि दिवसअखेर भाव 68,500 च्या जवळ स्थिरावला. 6 टक्क्यांची मर्यादा लागलीच नाही. एका दिवसात 10 ग्रॅममागे चार हजारांहून जास्त रुपये गेले आणि व्यवहार कुणीही बंद केले नाहीत.

तो भाव तिथेच का थांबला, हे वहीत मांडून बघण्यासारखं आहे. बाहेर सोनं औंसाला 2,400 डॉलरच्या आसपास, डॉलर 83.70 रुपयांच्या आसपास. औंसाचे 31.1 ग्रॅम धरले तर 10 ग्रॅमला सुमारे 64,600 रुपये होतात. त्यावर 15 टक्के शुल्क आणि 995 शुद्धतेचा हिशेब घातला की 73,900 येतात, 6 टक्के शुल्क घातलं की 68,100. म्हणजे घोषणेआधी आपला भाव हिशेबापेक्षा हजारभराने खाली होता आणि घोषणेनंतर तो हिशेबाला येऊन टेकला. बाहेर सोनं जवळपास जागेवरच होतं. भाव हलतो तेव्हा मी आधी हीच आकडेमोड करतो. कारण पडझड बाहेरून आलेली असेल तर भाव कुठवर जाईल ते कॉमेक्स हा अमेरिकेतला वायदे बाजार आणि डॉलर सांगतात, आणि शुल्कासारख्या घरच्या कारणाने आलेली असेल तर हे गणित सांगतं.

आता ‘अडकतो’ या शब्दाकडे. भाव खालच्या मर्यादेला चिकटला की स्क्रीनवर एक बाजू रिकामी दिसते. विकणाऱ्यांच्या ऑर्डर ओळीने, खरेदीच्या रकान्यात काही नाही. सगळे एकाच भावाला विकत असल्यामुळे आधी कोण हे वेळेवर ठरतं. ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी. तिथे खरेदीला कोण येतं? ज्यांनी वर विकून ठेवलं होतं ते सौदा कापायला येतात, आणि ज्यांचा हिशेब सांगतो की भाव गरजेपेक्षा खाली गेला ते येतात. म्हणून मर्यादेवरही सौदे होतात, फक्त तुमचा नंबर लागेलच असं नाही. या रांगेत मोठा माणूसही उभा असतो. एक किलोचा लॉट असला म्हणून त्याला पुढे जागा मिळत नाही.

मोठ्यांकडे खरंच वेगळं काही असेल तर ते म्हणजे दुसरी खिडकी माहीत असणं. वायदा मर्यादेला अडकला तरी त्याच सोन्यावरचे ऑप्शन हलत असू शकतात. समजा 70,000 च्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे त्या भावाला घेण्याचा हक्क, 300 ला आणि पुट, म्हणजे त्या भावाला विकण्याचा हक्क, 2,600 ला आहे. 70,000 मध्ये 300 मिळवून 2,600 वजा केले की 67,700 उरतात. वायदा 68,300 ला अडकलेला दिसला तरी बाजाराच्या मनातला भाव 67,700 आहे. ज्याला खरेदीचा सौदा झाकायचा आहे तो पुट घेतो आणि कॉल विकतो, म्हणजे त्या भावाला सोनं विकल्यासारखंच झालं. यात गुपित काही नाही. पण त्या क्षणी ऑप्शनमधला खरेदी-विक्रीचा फरक फार रुंद असतो, आणि कॉल विकायला वेगळं मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, लागतं. खात्यात पैसे नसतील तर ही खिडकी उघडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करतं ते त्या मजकुरातलं स्टॉपलॉसबद्दलचं शेवटचं वाक्य. स्टॉपलॉस ही ठरलेल्या भावाला तोटा कापण्यासाठी टाकलेली एक ऑर्डरच आहे. तिला ट्रिगर असतो आणि भाव असतो. घोषणेच्या मिनिटात भाव तुमच्या आकड्यावरून उडी मारून खाली गेला तर ऑर्डर जागी होते, पण त्या भावाला कुणी घेणारा नसतो आणि ती तशीच पडून राहते. दुसरी गोष्ट, सकाळी मर्यादा 3 टक्के असताना त्याबाहेरच्या भावाची ऑर्डर यंत्रणा स्वीकारतच नाही. मर्यादा वाढल्यावर ती नव्याने टाकावी लागते, आणि नेमक्या त्या वेळी माणूस फोनवर ब्रोकरला शोधत असतो.

टक्क्यांची मर्यादा तर एका दिवसापुरतीच. उद्या नवा बंद भाव, नवी मोजणी. रात्री आपला बाजार बंद झाल्यावर कॉमेक्स चालूच असतो, आणि सकाळी नऊला उघडणारा भाव तुमचा स्टॉपलॉस विचारत नाही. 20 एप्रिल 2020 ला लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद झाला, रात्री अमेरिकेत कच्चं तेल शून्याखाली गेलं, आणि इथल्या एप्रिल वायद्याची सेटलमेंट बॅरलला उणे 2,884 रुपयांनी झाली. सोनं शून्याखाली जाणार नाही, पण बंद दाराआड तोटा कसा वाढतो ते त्या रात्री खरेदी घेऊन बसलेल्यांनी भोगलं.

माझ्याकडच्या एका सराफाची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. त्याने दुकानातल्या 5 किलो मालावर वायदे विकून ठेवले होते, म्हणजे भाव पडला तर मालाचा तोटा तिथे भरून निघावा, अगदी योग्य हेजिंग. मग भाव एका दिवसात 3 टक्के चढला. माल तेवढ्याच किमतीने वाढला, पण तो शोकेसमध्ये. वायद्याचा तोटा मात्र रोख भरायचा होता, त्या वेळच्या भावाने जवळजवळ 11 लाख, दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत. त्याने घाबरून रात्रीच 2 किलोचे सौदे कापले. तीन दिवसांनी भाव परत खाली आला तेव्हा त्या 2 किलोवर हेज नव्हतं, आणि त्यांची घसरण त्याच्या खिशातून गेली. आता तो मालाच्या किमतीच्या 6 टक्के रक्कम फक्त मार्जिनसाठी वेगळ्या खात्यात ठेवतो.