क्रियापद खा, पण ‘ला’ खाऊ नका!

‘बिबट्याच्या हल्ल्यात शेतकरी जखमी’ या मथळ्यात ‘झाला’ नाही म्हणून व्याकरण बुडालं, अशी बोंब पुन्हा सुरू. अहो, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ यात तरी कुठंय क्रियापद? जखमी, ठार, ठप्प ही विशेषणंच विधान पुरं करतात. ही चूक नव्हे, शैली.

पण त्याच म्हणीतला ‘ला’ काढून बघा. ‘उथळ पाणी खळखळाट फार’. संपलं! मथळ्यात नेमकं हेच होतं. ‘आमदार मारहाण’: मार खाल्ला की दिला? ‘आमदाराला’ की ‘आमदाराकडून’, हे प्रत्ययच सांगणार ना? दोन अक्षरं वाचवली आणि बातमीच उलटी होऊ शकते.

‘चोर अटक’ही तसलंच. अटक हे नाम, त्यामुळे ‘चोराला अटक’ हवं, नाहीतर ‘चोर अटकेत’.

त्याहून भयंकर म्हणजे ‘दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडले’. कर्म गाळलं, आता प्यायले कोण? पोलीस! ‘मद्यधुंद चालक पोलिसांच्या ताब्यात’ लिहा की. क्रियापद इथेही नाही, आणि जागाही कमी लागते.