‘Rebuild Database’ने सेव्ह उडत नाहीत, ते उडतात वेगळ्याच पर्यायाने

“पीएस४ चालू करताना लोगोवर किंवा होम स्क्रीनवरच अडकायला लागला की समजून जा, हार्ड डिस्क गेली. सेफ मोडमधलं Rebuild Database म्हणजे फॉरमॅटच, फक्त नाव वेगळं, सेव्ह जातातच. त्यात वेळ घालवू नका, थेट सात नंबरचा पर्याय घ्या, सॉफ्टवेअर नवं बसतं. सेव्ह तसेही क्लाउडवर असतातच. आणि रिबिल्ड लावलंच असेल आणि पट्टी अर्ध्या तासात हलली नाही, तर बटण दाबून बंद करा, ते अडकलेलं असतं.”

हा सल्ला ऐकून लोक वर्षानुवर्षं जपलेली प्रगती स्वतःच्या हाताने पुसून टाकतात. त्यातलं सर्वांत घातक वाक्य फॉरमॅटचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पीएस४च्या डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष फाइली: गेम, सेव्ह, स्क्रीनशॉट, व्हिडिओ. दुसरी म्हणजे या सगळ्याची नोंद ठेवणारा डेटाबेस. काय इन्स्टॉल आहे, कुठे आहे, कोणत्या नावाने आणि कोणत्या चित्राने दाखवायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. होम स्क्रीनवरच्या टाइल्स या नोंदींवरूनच मांडल्या जातात. एखादी नोंद अर्धवट लिहिली गेली, तर सिस्टिम तिच्यापाशी येऊन थबकते आणि आपल्याला वाटतं की अख्खा कन्सोलच गेला. ग्रंथालयाचं नोंदवही-रजिस्टर फाटलं म्हणून कपाटातली पुस्तकं जळत नाहीत. कपाटं पुन्हा पाहून नवं रजिस्टर लिहावं लागतं. Rebuild Database हेच काम करतं. डिस्कवर काय काय आहे ते तपासतं आणि यादी नव्याने तयार करतं. सेव्हच्या फाइली पुसणं हा त्या कामाचा भागच नाही.

मग अफवा पसरते कशी? मला दोन कारणं दिसतात. रिबिल्डनंतर टाइल्सचा क्रम बदललेला असू शकतो. नेहमीचा गेम पहिल्या जागेवर दिसला नाही की माणूस घाबरतो; तो लायब्ररीत शोधला की सापडतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. अनेक जण पाचवा पर्याय, म्हणजे Rebuild Database, वापरून पाहतात, जमलं नाही की लगेच सातवा दाबतात, आणि नंतर ‘सेफ मोडमध्ये गेलो आणि सगळं गेलं’ एवढंच सांगतात. सेफ मोडच्या यादीत सहावा आणि सातवा, दोन्ही पर्यायांच्या नावात Initialize आहे आणि दोन्ही सगळ्या वापरकर्त्यांचा डेटा पुसतात. सातवा त्याशिवाय सिस्टिम सॉफ्टवेअरही नव्याने बसवतो. म्हणजे सेव्ह जाण्याची भीती घालून ज्या पर्यायाकडे ढकललं जातं, सेव्ह नेमके त्यानेच जातात.

आता डिस्क गेल्याच्या निदानाकडे. अडकणं कुठे होतं, यावर सगळं अवलंबून आहे. चालू करताना पीएस४चा दिवा आधी निळा होतो आणि मग पांढरा. दिवा निळाच लुकलुकत राहिला, पांढरा झालाच नाही आणि पडद्यावर काहीच आलं नाही, तर प्रकरण बहुधा हार्डवेअरचं असतं. तिथे डेटाबेसचा संबंध नाही. पण दिवा पांढरा झाला, लोगो आला, कदाचित होम स्क्रीनही उमटली आणि मग सगळं गोठलं, तर डेटाबेसवर संशय घेणं रास्त आहे. दिव्याचा रंग पाहायला काही सेकंद लागतात, आणि तो न पाहता डिस्क बदलण्याचा निर्णय घेणं मला पटत नाही.

एक उदाहरण नीट धरून चालू. मोठा गेम इन्स्टॉल होत असताना वीज गेली. वीज आल्यावर कन्सोल चालू केला, तर तो व्यवस्थित बंद झाला नव्हता असं सांगून आधी स्टोरेज तपासतो. ही तपासणी आपोआप होते आणि ती म्हणजे डेटाबेसची पुनर्बांधणी नव्हे, हे लक्षात ठेवा. ती संपते, होम स्क्रीन येते, दोन-चार टाइल्स रिकाम्या दिसतात आणि बटणांना प्रतिसाद मिळत नाही.

अशा वेळी आधी बाहेरची यूएसबी ड्राइव्ह लावलेली असेल तर ती काढा आणि आत गेमची डिस्क असेल तर तीही. अडचण बाहेरच्या ड्राइव्हमध्ये असेल, तर ती काढताच कन्सोल सरळ सुरू होईल. पीएस४ बाहेरच्या ड्राइव्हवर गेम ठेवतो, सेव्ह मात्र आतल्या डिस्कवरच राहतात, त्यामुळे ड्राइव्ह काढल्याने सेव्हना धोका नाही. फक्त ती काढण्याआधी कन्सोल पूर्ण बंद करा.

तरीही अडकलं, तर पॉवर बटण काही सेकंद दाबून कन्सोल पूर्ण बंद करा. दिवा विझला की तेच बटण पुन्हा दाबून धरा. एक बीप लगेच येते, दुसरी साधारण ७ सेकंदांनी. दुसरी ऐकू आली की सोडा, कन्सोल सेफ मोडमध्ये सुरू होतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि पीएस बटण दाबा; इथे वायरलेस चालत नाही. केबल जोडूनही कंट्रोलर ओळखला जात नसेल, तर ती केबल फक्त चार्जिंगची असण्याची दाट शक्यता आहे, कारण अशा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. इथे अडकून ‘सेफ मोडच बिघडलाय’ असं ठरवणारे बरेच असतात. केबल बदलून पाहा.

यादी दिसली की मी थेट पाचवर जात नाही. आधी पहिला, साध्या रीस्टार्टचा पर्याय घेतो. त्याने कधीकधी कन्सोल एकदा नीट सुरू होतो, आणि तशी संधी मिळाली की गेम उघडण्याआधी सेव्ह बाहेर काढून घ्यायचे. FAT32 किंवा exFAT फॉरमॅटचा पेनड्राइव्ह लावा, Settings मध्ये Application Saved Data Management, त्यात Saved Data in System Storage आणि मग Copy to USB Storage Device. हे झालं की पुढे काहीही करताना हात थरथरत नाही. डिस्क काढून संगणकाला लावली तर सेव्ह मिळतील या भरवशावर राहू नका. पीएस४ची आतली डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि संगणकाला ती वाचता येत नाही.

रीस्टार्टने काम झालं नाही, तर पाचवा पर्याय. पुष्टीच्या पडद्यावर जे लिहिलं आहे ते वाचा. रिबिल्डला बराच वेळ लागू शकतो, असं तिथे सांगितलेलं असतं. तिथे डेटा पुसला जाईल असं दिसलं, तर तुम्ही चुकीच्या ओळीवर आहात; मागे फिरा.

वेळेबद्दल जे सांगितलं जातं, ते तर उलट नुकसान करतं. डिस्कवर किती आणि कोणत्या प्रकारचा डेटा आहे, यावर रिबिल्डचा वेळ ठरतो. काहींचं काही मिनिटांत होतं, भरलेल्या डिस्कवर काही तासही जातात. पट्टी एका जागी बराच वेळ थांबून मग एकदम पुढे उडी मारते, हेही सामान्य आहे. नवी यादी लिहिली जात असताना वीज तोडली, तर ज्या प्रकाराने बिघाड झाला तोच आपण पुन्हा घडवतो. म्हणून हे काम रात्री झोपण्याआधी लावावं आणि पॉवर बटणाला हात लावू नये.

काम चालू आहे की नाही, हे ओळखायला कानाचा उपयोग होतो. पीएस४ला डिस्कचा वेगळा दिवा नाही, पण मूळ हार्ड डिस्क फिरती असते, आणि कन्सोलजवळ कान नेला तर वाचन चालू असल्याची बारीक, अनियमित कुरकुर ऐकू येते. तसा आवाज असेल तर थांबा. एका लयीत टक-टक-टक असा आवाज येत राहिला, तर ती मात्र खरोखर डिस्कच्या बिघाडाची खूण आहे. इथे मूळ सल्ल्यातल्या भीतीला थोडा आधार आहे, हे मान्य करायलाच हवं. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून रिबिल्ड बराच वेळ काम करून घेतं, आणि त्या ताणात ती कायमची बंद पडू शकते. तेव्हा दोष रिबिल्डचा नसतो, पण परिणाम तोच. म्हणून आधी रीस्टार्ट आणि सेव्हची प्रत, हा क्रम मी सोडत नाही. पडद्यावर CE-34335-8 हा कोड आला, तर कन्सोलला डिस्क ओळखता येत नाहीये. तिथे रिबिल्डचा प्रश्नच येत नाही.

रिबिल्ड पूर्ण होऊनही अडकणं चालूच राहिलं, तर सातव्याच्या आधी तिसरा पर्याय शिल्लक असतो: सिस्टिम सॉफ्टवेअर पुन्हा अपडेट करणं. अपडेट अर्धवट राहून बिघडलेल्या कन्सोलला याचा उपयोग होतो आणि डेटा राहतो. पेनड्राइव्हवर फाइल या जागी, फोल्डरची नावं मोठ्या अक्षरांत ठेवून, हवी:

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

इथे एक सापळा आहे. अधिकृत संकेतस्थळावर अपडेटची फाइल आणि पुनर्स्थापनेची फाइल वेगवेगळ्या मिळतात, पण दोघींचं नाव एकच असतं. पुनर्स्थापनेची फाइल आकाराने बरीच मोठी असते आणि ती सातव्या पर्यायासाठी असते. तिसऱ्यासाठी लहान, अपडेटची फाइल घ्या.

राहिला क्लाउड. सेव्ह आपोआप वर जायला पीएस प्लसचं चालू सदस्यत्व लागतं, आपोआप अपलोडची सेटिंग चालू असावी लागते आणि कन्सोलला इंटरनेट मिळावं लागतं. यातली एक गोष्ट नसली, तर शेवटचा अपलोड अनेक महिने जुना असू शकतो किंवा झालेलाच नसतो. स्वतः पाहून खात्री केल्याशिवाय ‘असतातच’ म्हणू नये. काही ऑनलाइन गेमची प्रगती त्यांच्या सर्व्हरवर असते, ती वेगळी बाब. एकट्याने खेळायच्या गेमचा सेव्ह बहुधा तुमच्या डिस्कवरच असतो.

रिबिल्ड काय करत नाही, हेही सांगायला हवं. खराब झालेला सेव्ह ते दुरुस्त करत नाही, डिस्कवरचे खराब भाग बरे करत नाही, आणि एकच गेम CE-34878-0 देऊन बंद पडत असेल, तर आधी तो गेम आणि त्याचं अपडेट तपासावं. पीएस५वर पाचव्या पर्यायाच्या आत कॅशे साफ करणं आणि Rebuild Database असे दोन भाग आहेत, आणि सेव्ह दोन्हींत राहतात. मात्र पीएस५च्या गेमचे सेव्ह पीएस४सारखे एकेक करून पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. तिथे क्लाउड किंवा पूर्ण बॅकअप हेच मार्ग आहेत, आणि पूर्ण बॅकअप कन्सोल चालू होत असतानाच घेऊन ठेवावा लागतो.