रडणारं पोर आणि देणगीची पावती

“देणगीसाठी फिल्म करताय? १. मूल कॅमेऱ्यासमोर रडलंच पाहिजे, रडवल्याशिवाय खिसा उघडत नाही हे संशोधनानंही सिद्ध झालंय. २. खरं नाव, खरं गाव दाखवा, तरच विश्वास बसतो. ३. आईवडिलांची सही घेतली की विषय संपला. ४. शेवटी मोठा आकडा टाका : लाखो मुलं वाट पाहताहेत.”

हा मेसेज माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला आणि तिनं त्यावरून स्क्रिप्ट लिहायला घेतलं, म्हणून हे लिहावं लागतंय. ती बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. आईवडील दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात, तेव्हा मुलं गावातच राहून शाळा करतात, त्यासाठी पैसे हवेत.

संशोधनाचं आधी बघू. लोक ज्याचा हवाला देतात तो स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा २००७चा प्रयोग. सहभागी लोकांच्या हातात ५ डॉलर होते. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, उपासमारीची नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि रोकियासोबत आकडेही दिले, तेव्हा रक्कम १.४३वर घसरली. म्हणजे या मेसेजचा चौथा मुद्दा त्याच्याच पहिल्या मुद्द्याच्या पुराव्यानं मोडतो! ‘लाखो मुलं’ आली की माणसाला वाटतं, माझ्या पैशानं काय होणार. प्रयोगातून कळतं ते एवढंच, की एक ओळखीचं वाटणारं माणूस हवं. ते रडलं पाहिजे असं त्यात कुठेही नाही.

बरं, एक मान्य करते. स्मॉल यांच्याच २००९च्या अभ्यासात हसऱ्या चेहऱ्यापेक्षा दुःखी चेहऱ्याला जास्त पैसे मिळाले. पण तिथे मोजलं गेलं ते त्या वेळचं देणं. चेहरा ज्याचा, त्याचं पुढे काय झालं हे त्यात मोजलेलं नाही. शिवाय दुःख दिसणं वेगळं आणि ते कॅमेऱ्यासाठी काढून घेणं वेगळं.

दुःख दिसायला पोराला रडवावं लागत नाही. बहिणीच्या पहिल्या मसुद्यात मुलगी फडात रडते आणि मागे व्हायोलिन. त्यातून बघणाऱ्याला एवढंच वाटणार, की आईबाप निष्ठुर आहेत. खरं कारण उचल आहे. मुकादमाकडून कोयत्यानं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीनं, आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि हंगामभर ऊस तोडून ते फेडायचे असतात. म्हणून फिल्म आईची करा. तिला “किती वाईट वाटतं?” असं विचारू नका, उत्तर ठरलेलं येतं. “गाडी निघायच्या आदल्या दिवशी काय काय केलं?” असं विचारा. ती पेटी भरल्याचं सांगेल, लेकीला वसतिगृहात का ठेवलं तेही सांगेल. तिच्या हिशेबात उचलही येईल. आवाज भरून आला तर येऊ दे, पण जवळ जाऊन क्लोजअप घेऊ नका. मुलगी पाठमोरी, घोळक्यात किंवा नुसते हात दिसले तरी पुरतं.

दुसरा आणि तिसरा मुद्दा मात्र धोक्याचे आहेत. प्रकरण बालकल्याण समितीपुढे असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७४ लागू होतं : नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही, फोटोसुद्धा, प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर समिती परवानगी देऊ शकते, पालकाची सही तिची जागा घेत नाही. हे कलम लागू नसेल तेव्हाही शाळेची पाटी, गणवेशावरचा बिल्ला, कॅप्शनमधलं गाव फ्रेमबाहेर ठेवा. नाव बदला आणि बदललंय असं पडद्यावर लिहा, विश्वास त्यानंच बसतो.

आणि सही? ज्या बाईची पोर तुमच्या वसतिगृहात आहे, ती तुम्हाला ‘नाही’ कशी म्हणेल? म्हणून विचारायला वसतिगृहाबाहेरचं माणूस पाठवा, तेही कॅमेरा नसलेल्या दिवशी. नकार दिला तरी जागा जाणार नाही हे त्यानं आधी सांगावं. फिल्म व्हॉट्सॅपवर फिरेल, गावात पोचेल, मुकादमही बघेल आणि एकदा सुटली की परत आणता येणार नाही, हेही सांगावं. मग कच्चं संकलन तिच्याच फोनवर दाखवा. एखादं वाक्य काढा म्हणाली तर काढा, विशेषतः मुकादमाबद्दलचं, कारण पुढच्या वर्षी उचल तिलाच मागायची आहे.

शेवटी आकडा टाकायचाच तर संस्थेच्या वहीतून काढा : एका मुलाचा हंगामभराचा जेवणाचा आणि राहण्याचा खर्च, आणि या वर्षी रिकाम्या जागा किती.